ओटीपी सांगण्याआधीची पाच मिनिटं

(केळापूर तालुक्यातील प्रभागसंघाच्या मासिक बैठकीत एका ग्रामसंघाच्या सचिव ताईंनी केलेल्या मार्गदर्शनाचा मजकूर. बैठकीला न आलेल्या गटांनी आपल्या साप्ताहिक बैठकीत तो वाचून दाखवावा.)



मागच्या बैठकीत तीन गटांनी एकच गाऱ्हाणं मांडलं, की मोबाईलवरून मागवलेली वस्तू फुटकी निघाली आणि कंपनी ऐकून घेत नाही. म्हणून आज अध्यक्ष ताईंनी मला पार्सलबद्दल बोलायला सांगितलं. मी वकील नाही. आमच्याच गटात एक प्रकरण घडलं, त्यामागे सव्वीस दिवस धावले आणि त्यातून जे शिकले तेच सांगते. एका ताईच्या शिलाई मशीनची ही गोष्ट आहे.

ही ताई गावातच ब्लाऊज शिवते. शाळेच्या गणवेशाचं काम मिळणार होतं, जुनी मशीन साथ देत नव्हती. तिने गटातून ९,००० रुपये कर्ज घेतलं, महिन्याला शेकडा एक रुपया व्याजाने, आणि मोबाईलवरून मोटर लावलेली मशीन मागवली. पैसे आधीच भरले. जुलैचा महिना, पावसाची झड, ताई निंदणाला वावरात. सकाळी पावणेबाराला फोन आला, "ताई, पार्सल आलं, ओटीपी सांगा." हातात विळा, चिखलाचा पाय, तिने मेसेज उघडून चार आकडे वाचून दाखवले. घरी सासूबाईंनी खोका ओसरीत ठेवून घेतला.

संध्याकाळी सात वाजता खोका उघडला, तर मशीनच्या पाटाला कोपऱ्यातून आडवी तड गेलेली. सासूबाई म्हणाल्या, "खोक्याचा कोपरा तं मले दबलेला दिसला होता, पण पोरगा घाईत होता. मले काय माहीत सांगा लागते म्हणून!"

ताईने रात्रीच तक्रार टाकली. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, की वस्तू ओटीपी देऊन स्वीकारली आहे, स्वीकारताना कोणतंही नुकसान नोंदवलेलं नाही, म्हणून विनंती नामंजूर. म्हणजे मशीन तडकलेली, गणवेशाची तारीख जवळ आलेली, आणि गटाचा हप्ता मात्र पुढच्या महिन्यापासून सुरू.

ओटीपी म्हणजे काय, हे आम्हाला तेव्हा कळलं. आपल्याला वाटतं, तो फक्त आपली ओळख पटवण्याचा आकडा आहे. कंपनीच्या हिशोबात तो आपला अंगठा असतो. आकडे सांगितले की तिच्या यंत्रणेत "वस्तू पोचली" अशी नोंद पडते, वेळेसकट. कोऱ्या कागदावर अंगठा द्यायचा नाही, हे आपण गटात पहिल्या दिवसापासून शिकलो. ओटीपीचंही तसंच आहे. आधी बघायचं, मग सांगायचं.

दारात काय बघायचं

खोका उचलून घरात नेऊ नका. जिथे ठेवला तिथेच आधी बघा.

पहिलं, चिठ्ठी बघा. वर जी चिठ्ठी चिकटवलेली असते तिच्यावर आपलं नाव, ऑर्डर नंबर आणि पुष्कळदा वजन लिहिलेलं असतं. मशीनच्या खोक्यावर बारा किलो लिहिलंय आणि उचलल्यावर हलका लागतोय, तर तिथेच थांबायचं.

दुसरं, सहाही बाजू बघा. आपण वरची आणि समोरची बाजू बघतो, पण मार खाल्लेला असतो तळाने, कारण खोका आपटतो तो तळावर नाहीतर कोपऱ्यावर. पोराला सांगायचं, "दादा, जरा आडवा करू या." कोपरा आत गेलाय का, पुठ्ठ्याला घडी पडलीय का, भोक आहे का, खालून थर्मोकोलचा चुरा सांडतोय का, ते बघा. पावसाळ्यात पुठ्ठ्यावर पाण्याचा डाग किंवा मऊ पडलेली जागा हात फिरवून कळते. पुठ्ठा भिजून वाळला की त्यावर लाटा राहतात, त्याही बघा.

तिसरं, चिकटपट्टी बघा. कंपनीच्या पट्टीवर बहुतेक वेळा नाव छापलेलं असतं. तिच्यावर दुसरी साधी पट्टी मारलेली दिसली, किंवा पट्टी उचलून पुन्हा चिकटवल्यासारखी पुठ्ठ्याचा पापुद्रा निघालेला दिसला, तर खोका मधे कोणीतरी उघडला असू शकतो.

चौथं, खोका हळूच एका बाजूला कलता करा. आत काही सरकतंय का, खुळखुळतंय का, ते ऐका. नीट बांधलेल्या वस्तूचा आवाज येत नाही.

याला दोन मिनिटं लागतात. हे करताना एकीने मोबाईलने फोटो काढायचे. पहिला फोटो चिठ्ठीचा, आकडे वाचता येतील असा जवळून. दुसरा पूर्ण खोक्याचा, मागे आपलं दार किंवा ओसरी दिसेल असा, म्हणजे फोटो दारातच काढला हे उघड होतं. मग जिथे दबलंय, फाटलंय, भिजलंय तिथला एक दुरून आणि एक जवळून. जवळच्या फोटोत शेजारी एखादं नाणं किंवा हातातली बांगडी ठेवा, खड्डा केवढा ते कळतं. नुसता जवळचा फोटो पाठवला तर तो कोणत्या खोक्याचा, असा प्रश्न निघतो. म्हणून दोन्ही हवेत. पार्सल आणणाऱ्या पोराचा चेहरा त्याला न विचारता घेऊ नका. त्याची गरजही नाही.

त्या पोराशी भांडू नका, ही एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. खोका त्याने पॅक केलेला नसतो आणि गोदामात आपटलेलाही नसतो. दिवसभरात त्याला गावोगाव फिरून पार्सलं संपवायची असतात. "दादा, दोन मिनिटं थांब, पाणी घे, मी खोका बघून लगेच ओटीपी सांगते," एवढं म्हटलं की बहुतेक पोरं थांबतात.

घ्यायचं की परत पाठवायचं?

आता खोका बघून झाला. इथे तीन प्रकार होतात.

खोका फाटलेला आहे, भिजलेला आहे, उघडून पुन्हा बांधलेला आहे किंवा आत फुटल्याचा आवाज येतोय, तर घेऊ नका. ओटीपी सांगू नका, सही करू नका, पैसे पोचल्यावर द्यायचे असतील तर देऊ नका. पोराला सांगा, "खोका खराब आहे म्हणून घेत नाही, तसंच कारण टाक." हे कारण महत्त्वाचं आहे. कधीकधी घाईत "ग्राहक घरी नव्हता" अशी नोंद पडते आणि तोच फुटका खोका दुसऱ्या दिवशी पुन्हा दारात येतो. म्हणून तो जाण्याआधीच ॲपवर किंवा कंपनीला फोटोसकट लिहून टाका, की अमुक वाजता पार्सल या कारणाने परत केलं. पैसे आधी भरलेले असले तरी घाबरू नका. वस्तू गोदामात परत पोचल्यावर ते परत मिळतात. उशीर लागतो, पण फुटकी वस्तू घरात घेऊन भांडण्यापेक्षा हे सोपं.

दुसरा प्रकार म्हणजे खोका थोडा दबलाय, आत काय झालंय ते कळत नाही. ॲपवर ऑर्डर करताना "ओपन बॉक्स डिलिव्हरी" लिहिलेलं असेल, तर तो पोरगा तुमच्यासमोर खोका उघडून दाखवतो आणि ओटीपी त्यानंतरच सांगायचा असतो. तसं लिहिलेलं नसेल तर त्याला उघडायची परवानगी नसते आणि आपण जबरदस्ती करू शकत नाही. मग एकतर घेऊ नका, नाहीतर शेरा मारून घ्या. कागदी पावती असेल तर सहीच्या वर स्वच्छ अक्षरात लिहा: "खोक्याचा उजवा खालचा कोपरा दबलेला. आतली वस्तू न तपासता ताब्यात घेतली." खाली तारीख आणि वेळ. मग त्या पावतीचाही फोटो. मोबाईलच्या काचेवरच सही असेल तर शेरा मारायला जागा नसते. अशा वेळी आधी फोटो काढा, ओटीपी सांगा आणि पोरगा फाट्यावर पोचायच्या आत कंपनीला तोच मजकूर पाठवा. पोचल्याची नोंद आणि तुमची तक्रार यांत पाच-दहा मिनिटांचंच अंतर असेल, तर नुकसान घरात झालं असं म्हणायला जागा उरत नाही. आमच्या ताईच्या प्रकरणात हे अंतर सात तासांचं होतं आणि सगळं तिथेच अडलं.

तिसरा प्रकार म्हणजे खोका बाहेरून चांगला आहे. तो घ्या. पण आतली वस्तू चांगलीच असेल असं धरून चालू नका.

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे. कितीतरी गावांत पोरं घरापर्यंत येत नाहीत. नागपूर-हैदराबाद रस्त्यावरून फोन करतात, "ताई, करंजीच्या फाट्यावर या," नाहीतर पांढरकवड्यात बोलावतात. तिथे उभ्या-उभ्या घाई होते. तरीही खोका गाडीवर बांधण्याआधीच सहा बाजू आणि फोटो उरकून घ्या. गाडीवरून घरी आणल्यावर कोपरा दबलेला दिसला, तर तो रस्त्यात दबला की आधीच दबलेला होता, हे कोणाला सांगता येणार? आणि तुम्ही वावरात असाल, तर फोनवर ओटीपी सांगू नका. "संध्याकाळी आण, नाहीतर उद्या आण," असं सांगा. तेही जमत नसेल, तर घरी जी व्यक्ती असेल तिला आधीच शिकवून ठेवा, की खोका बघून मला फोन कर, मग मी आकडे सांगते.

खोका उघडताना

बीड म्हणजे ओतीव लोखंड. शिलाई मशीनचं डोकं त्याचंच असतं. पत्रा दबतो, बीड दबत नाही, तडकतं. म्हणून बाहेरच्या पुठ्ठ्याला नुसता खड्डा असतो आणि आत मशीनचा पाट उभा फुटलेला असतो. काचेच्या बरणीचं, मिक्सरच्या भांड्याचं, सोलर दिव्याच्या काचेचंही असंच होतं. म्हणून खोका उघडतानाचा व्हिडिओ काढायचा.

व्हिडिओ काढायला दोघी लागतात. एक उघडते, दुसरी मोबाईल धरते. उजेडात, सतरंजीवर बसा. व्हिडिओ सुरू केला की शेवटपर्यंत थांबवायचा नाही, कारण मधे तुटला की तेवढ्यात काहीतरी केलं असा संशय घेता येतो. सुरुवात बंद खोक्याने करा. चिठ्ठी जवळून, मग सहा बाजू, मग न कापलेली चिकटपट्टी. पट्टी वरवर कापा, विळी किंवा सुरी खोल घालू नका, नाहीतर आपलाच ओरखडा पडायचा. उघडल्यावर आतलं थर्मोकोल कसं आहे ते दाखवा. थर्मोकोल तुटलेलं असेल, तर खोका जोरात आपटल्याची ती खूण आहे. मग एकेक वस्तू बाहेर काढून दाखवा. बिलाशी ताडून बघा: डोकं, मोटर, पायाचं बटण, बॉबिन, बॉबिन केस, सुया. मशीनवर नंबर कोरलेला किंवा चिकटवलेला असतो, तो बिलावरच्या नंबराशी जुळतो का तेही बोलून दाखवा.

मशीन असेल तर मोटर लगेच जोडू नका. आधी चाक हाताने हळूच आपल्याकडे फिरवा. ते एका चालीने फिरलं पाहिजे. एका जागी अडत असेल तर आतला दांडा वाकलेला असू शकतो. सुई खाली येताना पट्टीच्या छिद्रात मधोमध उतरते का बघा. एका कडेला घासत असेल तर मार लागलाय. अशा मशीनला मोटर लावून चालवलं तर नुकसान वाढतं, आणि वापरून बिघडवली असं म्हणायला कंपनी मोकळी होते.

तडीची शंका असेल तर एक साधी युक्ती आहे. त्या जागी मशीनच्या तेलाचा थेंब पसरवा, पाच मिनिटं थांबा, कोरड्या फडक्याने अगदी स्वच्छ पुसून काढा आणि वर खडूची बारीक पूड भुरभुरा. नुसता रंगाचा ओरखडा असेल तर काही होत नाही. तड असेल तर आत शिरलेलं तेल वर येतं आणि पांढऱ्या पुडीवर काळसर रेघ उमटते. आम्ही केलं तेव्हा बोटभर दिसणारी तड चांगली वीतभर निघाली. तिचा फोटो आमच्या फार कामी आला.

व्हिडिओ काढला की तो मूळ मोबाईलमध्ये तसाच ठेवा. व्हॉट्सॲपवर साधा पाठवला की तो लहान होतो आणि अक्षरं पुसट होतात. पाठवायचाच असेल तर "डॉक्युमेंट" म्हणून पाठवा. आणि खोका, थर्मोकोल, चिठ्ठी, यातलं काहीही चुलीत घालू नका. तक्रार मिटेपर्यंत माळ्यावर ठेवा. परत न्यायला माणूस आला तर तो मूळ खोक्यातच मागतो.

खोका उघडतानाचा व्हिडिओ नाही म्हणून तक्रार घेणार नाही, असं काही विक्रेते सांगतात. व्हिडिओ असलाच पाहिजे असं कायद्यात लिहिलेलं नाही. तो एक पुरावा आहे, इतर पुरावेही चालतात. पण तो असला की वाद दोन दिवसांत मिटतो आणि नसला की महिना जातो, हे मी अनुभवाने सांगते.

तक्रार कशी लिहायची

तक्रार विकणाऱ्याकडे आणि ज्या ॲपवरून घेतलं त्यांच्याकडे करायची. कुरिअरवाल्यामागे पळत बसू नका. पैसे आपण विकणाऱ्याला दिलेत, चांगली वस्तू पोचवणं त्याचं काम. परत करायची मुदत वस्तूच्या पानावर लिहिलेली असते, कुठे दोन दिवस, कुठे सात. ऑर्डर करतानाच त्या पानाचा स्क्रीनशॉट काढून ठेवा.

मजकूर लांबलचक नको. आम्ही शेवटी असा लिहिला:

"ऑर्डर नंबर अमुक. मोटरसह शिलाई मशीन, किंमत अमुक, बिल सोबत. पार्सल १२ तारखेला सकाळी ११.४५ वाजता घरातील वृद्ध सदस्याने घेतले. खोक्याचा उजवा खालचा कोपरा आत दबलेला आहे (फोटो १ व २). त्याच कोपऱ्याकडील थर्मोकोल तुटलेले आहे (फोटो ३). त्याच बाजूला मशीनच्या बिडाच्या पाटाला तड आहे (फोटो ४ व ५). मशीन एकदाही चालवलेली नाही. खोका व पॅकिंग जपून ठेवले आहे, केव्हाही तपासता येईल. मशीन बदलून द्यावी, अन्यथा पूर्ण रक्कम परत करावी."

ताईची पहिली तक्रार होती, "मशीन फुटकी आली, मला न्याय द्या." खरी होती, पण तिच्यात धरायला काही नव्हतं. दुसऱ्या तक्रारीत दबलेला कोपरा, त्याच बाजूचं थर्मोकोल आणि त्याच बाजूची तड, अशी एक ओळ लागली. मार बाहेरून आत कसा गेला ते दिसलं. हे शक्य झालं कारण सासूबाईंनी खोका टाकला नव्हता. त्यात त्यांना कोंबडीची पिल्लं ठेवायची होती! तक्रार टाकली की तिचा नंबर वहीत उतरवा. फोनवर बोललात तर तारीख, वेळ, बोलणाऱ्याचं नाव आणि काय ठरलं ते आपल्या कार्यवृत्ताच्या वहीत लिहितो तसं लिहा.

इथे एक धोका सांगते. कंपनीचा नंबर गूगलवर शोधू नका. खोटे नंबर टाकून लोक बसलेले असतात. "पैसे परत करतो, हे ॲप घ्या, पिन टाका," असं सांगतात आणि खातं रिकामं करतात. नंबर ॲपमधून किंवा बिलावरूनच घ्या. परतीचे पैसे यायला पिन लागत नाही, बँकेचा ओटीपीही लागत नाही. चुकून फसलात तर लगेच १९३० ला फोन करा.

नाही म्हणाले तर

नाही म्हणाले तर तिथे थांबायचं नाही. ई-कॉमर्सचे नियम २०२० साली आले. त्याप्रमाणे प्रत्येक कंपनीला तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो आणि त्याचं नाव-पत्ता ॲपवर द्यावा लागतो. त्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि महिन्याच्या आत निकाल लावायचा. खराब वस्तू परत घ्यायला विक्रेत्याला नकार देता येत नाही, हेही त्याच नियमांत आहे.

त्यानंतर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन, नंबर १९१५. फोन फुकट, सकाळी आठ ते रात्री आठ, मराठीत बोलता येतं. ते निकाल देत नाहीत, पण तुमची तक्रार कंपनीकडे पाठवून उत्तर मागतात. आमच्या ताईने नवव्या दिवशी अधिकाऱ्याला लिहिलं, सतराव्या दिवशी १९१५ ला फोन केला आणि सव्वीसाव्या दिवशी बदली मशीन आली.

तिथेही जमलं नाही, तर यवतमाळचा जिल्हा ग्राहक आयोग आहे. विकणारा दिल्लीचा असो की सुरतचा, आपण जिथे राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. वस्तूसाठी भरलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. मुदत दोन वर्षांची. "तुम्ही धंद्यासाठी घेतलं, तुम्ही ग्राहक नाही," असं कोणी म्हणालं तर गप्प बसू नका. स्वतः काम करून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू कायदा धंद्याची धरत नाही. म्हणून बिल शक्यतो जी ताई मशीन चालवणार तिच्या नावाने घ्या.

गटाने डाळमिल किंवा चक्कीसारखं मोठं यंत्र ट्रान्सपोर्टने मागवलं तर गोष्ट थोडी वेगळी. तिथे पोचपावतीवर शेरा मारणं फार महत्त्वाचं आहे. ट्रान्सपोर्टवाल्यावर दावा करायचा तर माल बुक झालेल्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत लेखी नोटीस द्यावी लागते. माल हातात पडला त्या दिवसापासून हे दिवस मोजायचे नाहीत. आणि बुक करताना मालाची किंमत सांगून जादा दर भरला नसेल, तर ट्रान्सपोर्टवाल्याची जबाबदारी भाड्याच्या दहापटीवरच थांबते. भाडं ८०० रुपये असेल तर ८,००० रुपये, यंत्र साठ हजारांचं असलं तरी. म्हणून यंत्र बुक करतानाच विकणाऱ्याला विचारा, वाटेतला विमा कोण काढणार? ते बिलावर लिहून घ्या.

आणि दुसरं पार्सल

बदली मशीन आली तेव्हा ताई घरीच थांबली. पोराला चहा दिला. खोका आडवा केला, सहा बाजू बघितल्या, फोटो काढले. पोराचे चार मिनिटं गेले. मग तिने ओटीपी सांगितला. उघडताना मोबाईल मी धरला होता. चाक एका चालीने फिरलं, सुई मधोमध उतरली. सासूबाई शेजारी बसून बघत होत्या. म्हणाल्या, "माठ घेतानं आपण टिचकी मारून घेतो बाप्पा, मंग मशीनच अशी काऊन घ्याची?"

गणवेशाचं अर्धं काम तोवर दुसऱ्या गावच्या ताईकडे गेलं होतं. उरलेलं अर्धं मिळालं. सव्वीस दिवसांची भरपाई कोणी दिली नाही, पहिला हप्ता तिने जुन्या मशीनवर ब्लाऊज शिवून भरला.

पुढच्या साप्ताहिक बैठकीत प्रत्येक गटाने एकच काम करायचं. घरात पडलेला एखादा रिकामा खोका आणायचा, त्याला चिठ्ठी चिकटवायची, आणि दोघी-दोघींनी मिळून सहा बाजूंचे फोटो आणि एक सलग व्हिडिओ काढून बघायचा. ज्या तायांकडे साधा फोन आहे त्यांनी शेजारची कोणती ताई मोबाईल धरणार ते आजच ठरवून ठेवा. आणि सासूबाईंना बोलवायला विसरू नका, कारण खोका बहुतेक वेळा त्यांच्याच हातात पडतो.